शांताराम मिस्तरीचा खरखरीत कोबा

कुंभवलीच्या शांताराम मिस्तरीने घातलेला कोबा कुणालाही दाखवा, माणूस आधी वाकून त्यात आपलं तोंड बघायचा. बायका कुंकू नीट करून घेत. चुना-सिमेंटची जमीन सगळेच मिस्तरी घालत, पण शांताराम वरून नुसत्या सिमेंटचं पातळ अस्तर द्यायचा, गुडघ्यावर बसायचा आणि थापीने घोटत राहायचा. जेवणाची वेळ टळो, विडी विझो, बायको दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहो, थापी थांबायची नाही. जमिनीत छपराचा वासा न् वासा दिसायला लागला की मगच तो उठे, कमरेला हात लावून "हां" म्हणे.

ह्या कोब्याच्या गोष्टी तर किती! बेटेगावच्या एका ओटीवर शेळी चढली आणि तिचे चार पाय चार दिशांना गेले. ती बिचारी पोटावर बसून में में करत राहिली, शेवटी दोघांनी उचलून खाली ठेवली. एका लग्नात नवरदेव नव्या घरात रुबाबात शिरला आणि थेट सासूच्या पायाशी जाऊन थांबला. सासू म्हणाली, "अवो, नमस्कार सावकाश केला असता तरी चालला असता." शांताराम ह्या गोष्टी स्वतःच सांगे आणि शेवटी म्हणे, "पाय ठरतो, तो कोबा कसला!"

पण एक गोष्ट तो सांगत नसे. ती राहीबाईची.

राहीबाई म्हणजे बोईसरची सुईण. नवरा तरुणपणीच गेला. एक मुलगा, एक मुलगी तिने ह्याच कामावर वाढवली. चाळीस वर्षं आसपासच्या गावांत जो जन्मला, त्याला पहिलं न्हाऊ-माखू तिने घातलं. पायावर आडवं घेऊन, हाताच्या तळव्याने पाणी मोजून ओतत. शांतारामची पाचही पोरं तिच्याच हातची. मुलगा रामनाथ तारापूरला विजेच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तिथे फिटर म्हणून लागला, तेव्हा त्याने कुडाचं घर पाडून विटांचं बांधलं. आणि आईसाठी म्हणून घराला लागून पक्की न्हाणी केली. तिचा कोबा अर्थातच शांतारामचा. सबंध दुपार घोटलेला.

त्या न्हाणीत दीड वर्षाने राहीबाई पडली. साबणाचं पाणी, गुळगुळीत जमीन आणि सत्तरी ओलांडलेलं वय. डाव्या पायाचा खुबा मोडला. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं, हाड बसलं, पण पायात जीव आला नाही. उजव्या पायावर, काहीतरी घट्ट धरायला मिळालं तर, ती पाच आकडे म्हणेपर्यंत उभी राहू शकत होती, तेवढंच. रामनाथने डहाणूच्या एका पारशी घरातून चाकांची खुर्ची मिळवून आणली. दणकट, लोखंडी, दोन मोठी चाकं, पुढे दोन लहान. हाताने चाकाची कडी ढकलली की चाले. राहीबाई आठ दिवसांत तीत अशी तरबेज झाली की अंगणातल्या कोंबड्या तिला बघून बाजूला व्हायला लागल्या.

पण न्हाणीशी येऊन खुर्ची थांबायची. दार जेमतेम दोन फुटांचं, त्यात पाणी बाहेर येऊ नये म्हणून चार इंचांची आडवी कड, आणि आत जमीन आणखी खाली. मग सून नर्मदा आणि शेजारीण तिला दोन काखांत धरून उचलत, पाटावर बसवत आणि न्हाऊ घालत. नर्मदा गुणाची. तक्रारीचा शब्द नाही. पण राहीबाईचं तोंड अशा वेळी भिंतीकडे असायचं. हळूहळू तिने अंघोळ रोजची एक दिवसाआड केली, मग चार दिवसांनी. पाणी कमी प्यायला लागली, म्हणजे उठवायला नको. "हजार पोरं मी न्हाऊ घातली," ती एकदा नर्मदेला म्हणाली, "आता मीच पोर झाले. फरक एवढाच, पोराला लाज नसते."

शिमग्याला एडवणहून मुलगी आली, रत्नाबाई. तिने आईचं सुकलेलं तोंड बघितलं, केसांतली जट बघितली आणि तिथेच जाहीर केलं, "पाडव्याला मी येते नि आईला घेऊन जाते. माझ्याकडे तिघी सुना हायत, आळीपाळीने न्हाऊ घालतील."

राहीबाईने खुर्ची मागे वळवली. एकीची लाज सोसवत नव्हती, तर आता तिघींची! शिवाय बोईसर सुटणार. इथे दारावरून जाणारा प्रत्येक जण तिच्या हातचा, हाक मारून जाणारा. तिने रामनाथला जवळ बोलावलं.

"रामा, मला आपल्या हाताने अंघोळ करता येईल अशी न्हाणी करून दे. पाडव्याच्या आत. नाय जमलं तर मी जाईन एडवणला, एक शब्द बोलणार नाय."

"करतो. पण मिस्तरी कोण बघायचा?"

"शांत्या."

"आई, त्याच्याच कोब्यावर..."

"म्हणूनच," राहीबाई म्हणाली.

शांताराम आला तो खाली मान घालून. राहीबाई पडल्यापासूनच्या दीड वर्षात तो त्या आळीने गेलाच नव्हता. कारखान्याच्या रस्त्याने वळसा घालून जायचा. बरोबर त्याची बिगारी नवसी होती. नवसी डोंगराकडल्या पाड्याची; पावसाळ्यात आपली नाचणी-वरई बघायची आणि उरलेले आठ महिने शांतारामकडे घमेली उचलायची. बारा वर्षं ती त्याच्याबरोबर होती आणि त्याला तोंडावर बोलायची मुभा तिने कधी मागितली नव्हती, घेऊनच टाकली होती.

"ये मिस्तरी," राहीबाई म्हणाली. "लय दिवसांनी वाट सापडली?"

"काम व्हतं, मावशी."

"माझंबी काम हाय."

तिने काय हवं ते सांगितलं. खुर्ची आतपर्यंत गेली पाहिजे. खुर्चीवरून उठून बसायला काहीतरी पाहिजे. उठताना धरायला पाहिजे. आणि पाय घसरता कामा नये. शेवटचं वाक्य ती म्हणाली तेव्हा शांतारामने गजपट्टी उगाच उघडली आणि मिटली.

दुसऱ्या दिवशी त्याने आतला जुना कोबा फोडायला घेतला. घण पडला आणि आरशाचे तुकडे झाले. नवसी ते घमेल्यात भरताना म्हणाली, "मिस्तरी, असा चेहरा करून काय बघता? मयताला आलायत का?"

"तू भर गपचूप."

मग दाराचं. शांतारामने रिकामी खुर्ची मोजली. चाकाच्या बाहेरून बाहेर पंचवीस इंच. दोन्हीकडे एकेक इंच मोकळा सोडला, सत्तावीस. चौकटीची लाकडं दोन्ही अंगांना तीन-तीन इंच धरून विटांत तेहतीस इंचांचं भगदाड घ्यायचं, असा हिशोब करून त्याने भिंतीवर कोळशाने रेघा मारल्या. वर टेकू दिले, नवी लांब तुळई भिंतीवर दोन्हीकडे सहा-सहा इंच बसेल अशी घातली, विटा काढल्या. सुताराने चौकट आणून दिली. ती नुसती टेकवून उभी केली आणि शांताराम म्हणाला, "बघ, खुर्ची लोण्यासारखी जाते." त्याने रिकामी खुर्ची मागून ढकलली. गेली.

"तुमी ढकलली म्हणून गेली," नवसी म्हणाली. "मावशीला कोण ढकलणार? तिला आपली आपण जायचंय ना?"

"मग?"

नवसीने साडीचा काष्टा सावरला, खुर्चीत बसली, दोन्ही हातांनी चाकं ढकलत निघाली, आणि चौकटीत शिरताच "आयव!" करून ओरडली. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं लाकडाला घासून सोलली होती.

शांताराम बघतच राहिला. त्याने चाकं मोजली होती, चाकं फिरवणारे हात मोजलेच नव्हते. आयुष्यभर भिंती मोजल्या, माणूस मोजायची वेळच कधी आली नव्हती.

मागे पाटावर बसलेली राहीबाई म्हणाली, "शांत्या, बाळ येतं ना, तेव्हाबी नुसतं डोकं मोजून भागत नाय. खांदे धरावे लागतात हिशोबात."

मग नवसीला खुर्चीत बसवून, कोपरं बाहेर काढून, हात चाकावर ठेवून पुन्हा मोजलं. एकतीस झाले. त्याने चौकटीच्या आतून आत बत्तीस इंच मोकळे धरले. भगदाड आणखी फोडलं. तुळई लांब घेतली होती म्हणून वाचली, नाहीतर तीही बदलावी लागली असती. सुतार कुरकुरला, पण चौकटीची आडवी लाकडं बदलून द्यायला तयार झाला. त्याची आईही राहीबाईच्याच हाताखाली बाळंत झालेली.

दार बाहेर उघडणारं करायचं, हे रामनाथने सुचवलं. आत कुणी पडलं आणि दाराला अंग टेकलं, तर आत उघडणारं दार बाहेरच्यांना लोटता येत नाही. राहीबाईला मात्र आतून कडी हवीच होती. "कडी नाय तर मग न्हाणी कसली, चावडी!" ती म्हणाली. शेवटी लाकडाची उचलायची कडी केली आणि दार-चौकटीच्या मध्ये बोटभर फट ठेवली; बाहेरून पातळ पट्टी सारून ती उचलता येई. ती पट्टी नर्मदेने कनवटीला लावून ठेवली आणि कडीचं हे गुपित सासूला मोठ्या मनाने सांगितलंही.

धरायच्या दांड्यांचं काम रामनाथने स्वतःकडे घेतलं. जस्ताचा मुलामा दिलेला एक इंची नळ आणला, राहीबाईच्या मुठीत बसतो का बघितला. बोटांची टोकं अंगठ्याला टेकत होती, मूठ घट्ट होत होती. "हां, असाच," ती म्हणाली. नळाची टोकं त्याने काटकोनात वाकवली आणि शेवटी उभी चिरून माशाच्या शेपटीसारखी फाकवली, म्हणजे भिंतीतून उपसून येऊ नयेत.

"उंची किती?" शांतारामने विचारलं. रामनाथने आपल्या कमरेशी हात नेला.

"तुझी कंबर काय करायचीय? मला न्या ना!" राहीबाई ओरडली.

तिला आत नेलं. बसायच्या कट्ट्याच्या जागी नवसीने विटा रचून ठेवल्या, खुर्चीच्या बैठकीइतक्या उंच, एकोणीस इंच, वर पाट. दोघींनी धरून राहीबाईला त्यावर बसवलं. तिने हातात कोळशाचा तुकडा घेतला, बाजूच्या भिंतीवर जिथे उठताना हात आपोआप गेला तिथे रेघ मारली. मग पुढे झुकून, ओढून उठायला हात जिथे गेला तिथे एक उभी रेघ. आडवी दांडी कट्ट्याच्या बाजूच्या भिंतीला, उभी दांडी कट्ट्याच्या पुढच्या टोकाशी, खुर्ची येऊन उभी राहील तिथे. भिंतीपासून दांडी दीड इंच पुढे. मूठ मावली पाहिजे, पण हात घसरला तर कोपर मागे अडकून मोडता कामा नये.

शांतारामने भिंतीत भोकं घेतली, तोंडाशी लहान आणि आत मोठी. पाण्याने भिजवली, खडी-वाळू-सिमेंट ठासून भरलं, शेपट्या आत रोवल्या. मग त्याने दांड्यांना गोणपाट गुंडाळलं, रोज पाणी मारायला सांगितलं आणि घरातल्या सगळ्यांना दम दिला, "आठ दिवस ह्याला हात लावला तर माझ्याशी गाठ हाय. लहान पोराने लोंबकळायचं नाय, रामनाथने टॉवेल टाकायचा नाय."

इतका पुढचा विचार करणारा दुसरा मिस्तरी आसपास नव्हता. निदान तोवर तरी असंच वाटत होतं.

कट्टा विटांत बांधला, त्यावर फटी ठेवलेला लाकडी पाट बसवला, बाजूच्या भिंतीत साबणाला कोनाडा केला. जमीन भरून बाहेरच्या खोलीच्या बरोबरीला आणली. दारातली चार इंचांची कड गेली. पाणी बाहेर यायचं नाही असा उतार दिला, दारापासून मागच्या कोपऱ्यातल्या मोरीकडे, फुटाला पाव इंच. त्याहून जास्त दिला तर खुर्चीच मोरीकडे चालायला लागेल. पाडव्याला सहा दिवस राहिले आणि वरचा कोबा घालायचा दिवस आला. ठरलं होतं की कोबा घालायचा, वर काथ्याची दोरी ताणून दाबून चौकटी उठवायच्या आणि केरसुणीने ओढून खरखरीत सोडायचा. घोटायचा नाही.

माल पसरून झाला आणि नवसी हाटाला निघाली. तिचा हाटाचा वार चुकत नसे. दारातून वळून म्हणाली, "मिस्तरी, जरा घट्ट होऊ द्या, मग दोरी दाबा. घोटू नका हां."

"मला शिकवतेस?"

ती गेली. रामनाथ कामावर, नर्मदा विहिरीवर, राहीबाईला डुलकी लागलेली. शांताराम गुडघ्यावर बसून माल घट्ट होण्याची वाट बघत होता. हातात थापी होती. एका जागी एक लहानसा खवला वर आला होता, तो त्याने थापीने बसवला. त्याच्या बाजूला आणखी एक. मग जरा कोरडं सिमेंट भुरभुरलं, पाणी सुटलं होतं म्हणून. थापी फिरली. पस्तीस वर्षं जो हात एका वाटेने फिरला, तो त्याच वाटेने निघाला. डोकं तिकडे मोरीच्या तोंडाचा विचार करत होतं. उन्हं कलली. शांताराम सरकत सरकत दारापर्यंत आला, उठला, कमरेला हात लावला आणि म्हणाला, "हां."

आणि मग त्याने खाली बघितलं. जमिनीत खिडकी दिसत होती. खिडकीतला ताड दिसत होता. ताडावरचं मडकंसुद्धा दिसत होतं.

बोटाने दाबून बघितलं, माल बसला होता. दोरी आता त्यात शिरणार नव्हती.

मागे चाकांचा आवाज आला. राहीबाई दारात येऊन थांबली होती. तिने वाकून बघितलं.

"माझे दात किती उरलेत ते मोजता येतील ह्यात," ती म्हणाली.

शांताराम दाराशीच खाली बसला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, तुझा खुबा माझ्या कोब्याने मोडला. दीड वर्ष मी ह्या आळीने आलो नाय. आता आलो, तर पुन्हा तेच करून ठेवलं. हा हात तोडून टाकावा."

राहीबाईने खुर्ची त्याच्याजवळ घेतली. मग म्हणाली, "मोडला. तुझ्याच कोब्याने मोडला, खोटं कशाला बोलू? मला ठाऊक व्हतं तू का वळसा घालून जातोस ते. पण हात तोडून मला काय मिळणार? मला न्हाणी पायजे."

"फोडून पुन्हा घालायला दिवस नाय. आतून सुकणार कधी?"

"जातं गुळगुळीत झालं की काय करतो आपण?"

"टाकी लावतो."

"मग लाव की! जातं फोडून नवं आणतोस काय दर खेपेला?"

शांताराम तिच्याकडे बघत राहिला. जात्याच्या पाळीवर छिन्नीने बारीक बारीक टवके पाडतात, म्हणजे दाणा धरतो. दाणा धरतो तसा पायही धरेल. किती सोपं! आणि हे त्याला सुचलं नव्हतं, कारण कोब्यावर टाकी लावायची हे कुणा मिस्तरीच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

संध्याकाळी नवसी हाटातून परत जाताना डोकावली. जमीन बघितली, राहीबाईकडून टाकीचं ऐकलं, शांतारामकडे बघितलं आणि परत फिरली. जाताना एवढंच म्हणाली, "कोबा पक्का झाला की छिन्नी घेऊन येते. आज काय बोलत नाय, हाटात खर्च करून थकलेय."

दोन दिवस ओली गोणपाटं टाकून कोबा पक्का होऊ दिला. तिसऱ्या दिवशी दोघं छिन्न्या घेऊन बसली. टक टक टक टक. हलक्या हाताने, उथळ, बोटाबोटाच्या अंतरावर. खोल गेलं तर पाणी आणि मळ साठेल, शेवाळ धरेल. आळीतल्या बायका येऊन बघून जात. "शांतारामभावजी, जमिनीवर दळण घालणार काय?" एकीने विचारलं. "तुमचं पायलीभर आणा," नवसी म्हणाली, "दळून देतो." टाकी लावून झाल्यावर त्यांनी खरबरीत दगड पाण्याबरोबर फिरवून टवक्यांच्या धारा मोडल्या, म्हणजे अनवाणी पायाला बोचू नये.

मग परीक्षा. नवसीने बादलीत साबण कालवला, सगळ्या जमिनीवर ओतला आणि ओल्या पायांनी ठसक्यात चालायला लागली. पाय जागच्या जागी ठरत होते. "आता बघा हां मिस्तरी," म्हणत ती कोपऱ्याकडे वळली आणि सर्रकन गेली. आडव्या दांडीला हात पडला म्हणून वाचली, लोंबकळत राहिली.

"हे काय?" ती किंचाळली. "इथे टाकी नाय?"

मोरीजवळच्या कोपऱ्यात हातभर लांबरुंद तुकडा आरशासारखा चमकत होता. शांताराम चाचरला. "तिथे कोण पाय ठेवणार? जरा... आठवण म्हणून राखला व्हता. सही असते ना, तशी."

"ती सही आधी पुसा!" बाहेरून राहीबाईचा आवाज आला.

त्याने मुकाट्याने छिन्नी उचलली. एक मात्र झालं, दांडीची परीक्षा फुकटात झाली. नवसीचा सगळा भार तिने झटक्यात घेतला होता आणि भिंतीचा कणही हलला नव्हता. तरी रामनाथने स्वतः दोन्ही दांड्यांना लोंबकळून बघितलं, मग शांतारामने, मग दोघांनी मिळून. शेवटी नर्मदा म्हणाली, "आता उतरा, भिंत आपली हाय."

पाडव्याच्या सकाळी रत्नाबाई पहिल्या गाडीने एडवणहून आली. हातात रिकामी पिशवी, आईची लुगडी भरायला. नवी न्हाणी बघून तिने नाक मुरडलं नाही, पण विश्वासही ठेवला नाही. "दांडे लावले, बरं केलं. पण आज पाडवा. तेलाची अंघोळ. तेलावर आई उभी राहणार? मी आत येते बरोबर."

"तू बाहेर बस," राहीबाई म्हणाली.

तेलाचा विचार खरंच कुणी केला नव्हता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शांताराम सकाळपासून अंगणात कारण नसताना ओळंब्याची दोरी गुंडाळत बसला होता, त्याचे हात थांबले. राहीबाईनेच मार्ग काढला. तेल बाहेरच, खुर्चीत बसून लावून घेतलं. डोक्याला, पाठीला, पोटऱ्यांना. हात आणि तळपाय मात्र तिने नर्मदेकडून बेसनाने चोळून कोरडे पुसून घेतले. "पोराला पायावर घेताना मी आधी माझे हात पुसायची," ती म्हणाली. "तेलकट हातांनी कोण धरतं?"

नर्मदेने आत कट्ट्याच्या हाताशी गरम पाण्याची बादली, तांब्या आणि उटणं ठेवलं. राहीबाईने चाकं ढकलली. बत्तीस इंचांच्या दारातून खुर्ची कुठे न घासता आत गेली. दार ओढलं गेलं. कडी पडली.

बाहेर पाच माणसं भिंतीकडे कान लावून बसली. आधी खुर्चीचे दोन खटके वाजले, चाकं अडकवल्याचे. मग दांडीवर मूठ पडली, पोकळ नळ वाजला. किण्ण. मग काही नाही. रामनाथ मनात आकडे म्हणत होता. एक, दोन, तीन. नर्मदेचा हात कनवटीच्या पट्टीकडे गेला. चार. पाट करकरला.

"बसली," नवसी पुटपुटली.

आणि पाण्याचा आवाज आला. पहिला तांब्या, जरा थांबून दुसरा, मग एकामागून एक. शांताराम मिस्तरीने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तसाच बसून राहिला.

रत्नाबाईने दाराशी जाऊन विचारलं, "आई, पाठ चोळू काय?"

"माझा हात पोचतो."

"मग लवकर आटप, पुरणाचं बघायचंय."

"दीड वर्षाचा मळ हाय," आतून उत्तर आलं, "दम धर. आणि नर्मदे, आणखी एक बादली तापत ठेव."

दुसरी बादली दाराशी नेली तेव्हा आत पाट करकरला, चाकं दाराशी आली, कडी आतूनच उघडली गेली, हात बाहेर आला, बादली आत ओढली गेली आणि कडी पुन्हा पडली. रत्नाबाई दारापासून मागे सरली. मग तिने रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि नर्मदेला म्हणाली, "वहिनी, डाळ कुठे शिजत ठेवलीय? मी वाटायला घेते." नर्मदा पुढे आणि ती मागे, अशा दोघी स्वयंपाकघरात गेल्या. एडवणच्या तिघी सुनांचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. राहीबाई नवं लुगडं गुंडाळून, ओले केस पाठीवर टाकून खुर्चीतून बाहेर आली. लालबुंद झालेली, तोंडावर वाफ. तिने अंगणातल्या सगळ्यांवर नजर फिरवली. ती शांतारामवर थांबली.

"शांत्या."

"काय, मावशी?" तो उठून उभाच राहिला.

"साबणाचा कोनाडा कुणासाठी केलास?"

"म्हंजे?"

"तुझ्या डोक्याइतका उंच हाय तो. मी बसलेय कट्ट्यावर, साबण वरती बसून माझ्याकडे बघतोय. सगळी अंघोळ उटण्यावर काढली."

नवसी हसून हसून ओटीला टेकली. शांतारामने टोपी डोक्यावर घातली, कोपऱ्यातली छिन्नी-हातोडी उचलली आणि दारात चपला काढत विचारलं, "बसून हात कुठवर पोचतो, ते आधी दाखव. कोळसा आण गं, नवसी."

"सणाच्या दिवशी काम?" रामनाथ म्हणाला.

"उद्या ती पुन्हा अंघोळ करणार हाय," शांताराम म्हणाला आणि आत गेला.